दीड दाम केशर

दहा शेर तांदूळ, पाच शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप. बेदाणे, बदाम, पिस्ते अर्धा अर्धा शेर. पाव शेर मीठ, अर्धपाव ओलं आलं, दीड दाम केशर, अडीच मिस्काल दालचिनी. एवढ्यात चार ताटं होतात.

संपली पाककृती. पदार्थाचं नाव ‘जर्द बिरिंज’, म्हणजे पिवळा भात. जर्द म्हणजे पिवळा. आपल्या जर्दाळूतला जर्द हाच, पिवळं आलुबुखार म्हणून जर्द-आलू. अकबराच्या मुदपाकखान्यातली ही कृती अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत नोंदवली. त्याने पदार्थांचे तीन वर्ग केले: बिनमांसाचे, मांस आणि तांदळाचे, मांस आणि मसाल्याचे. बिनमांसाच्या यादीत पहिला मान या भाताचा. मूळचा ड्रेस्डेनचा हाइनरिश ब्लॉखमान कलकत्त्यात राहून फारसीत मुरला आणि १८७३ साली त्याचं इंग्रजी भाषांतर एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलने पुस्तकरूपात काढलं.

माझी भाची मँचेस्टरला शिकते. तिच्या घरात शिराझची एक मुलगी राहते. दोघींनी ठरवलं की हा भात करायचा. ब्लॉखमानचं इंग्रजी समोर ठेवून भाचीने मला रत्नागिरीला फोन लावला. जुने मोडी कागद वाचता यावेत म्हणून मी थोडीफार फारसी शिकले आहे, हे तिला ठाऊक होतं.

“मावशी, हे सगळं इंग्रजीतच आहे, पण मला काही कळत नाही. दाम म्हणजे पैसे ना? आणि शेर किती वाट्यांचा?”

तिचे दोन्ही प्रश्न अगदी मुळावर होते. ब्लॉखमानने शब्द इंग्रजीत नेले खरे, पण मापं तशीच ठेवली. स्वयंपाकघरासाठी भाषांतर अजून व्हायचंच होतं. आम्ही दोघी आठवडाभर फोनवर त्याच्यामागे लागलो, आणि त्या चार ओळींत किती काय दडलंय ते पाहून मी चकित होत गेले.

पहिलं शेराचं. आमच्या लहानपणी घरात कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली ही भांडी होती. तांदूळ त्यांनी मापायचे, म्हणजे तो शेर आकारमानाचा. बाजारातला वजनाचा शेर वेगळा, ऐंशी तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. आजच्या इराणात ‘सीर’ नावाचं जुनं वजन लोकांना माहीत आहे, ते साधारण ७५ ग्रॅम. शिराझच्या मुलीने ‘शेर’ ऐकल्यावर तेच सांगितलं. आणि गंमत अशी की फारसीत सीन, ये, रे ही तीन अक्षरं लिहिली की त्यांचा अर्थ वजन होतो, लसूण होतो आणि पोट भरलेला असाही होतो. मग या तीन मापांतला अकबराचा शेर कुठला? एकही नाही. अबुल फज्लनेच लिहून ठेवलंय की पूर्वी अठ्ठावीस दामांचा असलेला शेर आता तीस दामांचा केला. दाम हे तांब्याचं नाणं, वजनाला एकवीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शेर झाला सुमारे ६३० ग्रॅमचा.

भाचीने विचारलं, “पण प्रमाण तर तेच राहणार ना? दहा भाग तांदूळ, पाच भाग साखर. शेर कितीचा का असेना.”

तांदूळ, साखर, तूप, मेवा यांच्यापुरतं ते खरं आहे. सगळं एकाच मापात असलं की शेर चुकला तरी चव चुकत नाही. पण या कृतीत तीन मापं आहेत: शेर, दाम आणि मिस्काल. मिस्काल साडेचार ग्रॅमच्या आसपास. शेर बदलला तरी दाम आणि मिस्काल जागचे हलत नाहीत, आणि मग चूक नेमकी केशरात उमटते. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. घरच्या भाताला २०० ग्रॅम, म्हणजे मोठी वाटीभर तांदूळ धरले. अकबरी शेराने त्यात साधारण एक ग्रॅम केशर पडतं. ऐंशी तोळ्यांच्या शेराने ते दोनतृतीयांश ग्रॅमवर येतं. इराणी सीर धरला तर आठ ग्रॅमच्या वर जातं. आठ ग्रॅम केशर घातलेला वाटीभर तांदळाचा भात कडूजहर होईल, कोणाच्या घशाखाली उतरणार नाही. म्हणजे चुकीचं माप तोंडात घालायच्या आधीच कागदावर पकडता येतं. जे जिन्नस छोट्या मापात दिलेत, त्यांच्याकडे आधी बघायचं.

आता दाम. मराठीत दाम म्हणजे पैसाच, दाम करी काम. भाचीची शंका म्हणून अगदी रास्त होती: दीड दाम केशर म्हणजे दीड दाम वजनाचं, की दीड दाम किमतीचं? ‘आईन’मध्ये बाजारभावही दिलेत. केशर शेराला ४०० दाम. किमतीचा अर्थ घेतला तर सहा किलोंहून अधिक तांदळाला जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम केशर येतं, आणि आमच्या वाटीभर तांदळाला चिमूटभर. आपण आज साखरभातात घालतो तेवढंच! मला तर तोच अर्थ पटायला लागला होता. पण मोह आवरून मी शेजारच्या एका कृतीकडे वळले. ‘शीर बिरिंज’ म्हणजे दूधभात, आपली तांदळाची खीर. दहा शेर दूध, एक शेर तांदूळ, एक शेर खडीसाखर आणि एक दाम मीठ. मिठाचा भाव मणाला १६ दाम, मण चाळीस शेरांचा. म्हणजे एका दामाला अडीच शेर मीठ आलं. एक शेर साखरेच्या खिरीत अडीच शेर मीठ कोण घालेल? वजन धरलं तर मात्र सहा किलो दुधाला एकवीस ग्रॅम, म्हणजे पातेलंभर खिरीत जाणवेल न जाणवेल इतकं. कोकणात गोडाच्या पदार्थात, मोदकाच्या उकडीत, रसात आपण चिमूटभर मीठ टाकतोच. खिरीने न्याय केला: दाम हे वजनच आहे.

मग एक ग्रॅम केशराचं काय? आज कोणी घालत नाही म्हणून भाषांतरकाराने ते गुपचूप कमी करू नये, असं माझं ठाम मत आहे. मूळ आकडा एका रकान्यात ठेवायचा, आपल्या चुलीचा आकडा दुसऱ्यात. मी घरी पाव ग्रॅम कोमट दुधात भिजवून घातलं. रंग भरपूर आला, वासही. मूळ आकडा बादशाही ताटाचा आहे. ते ताटही आपलं ताट नव्हे. ब्लॉखमानने त्याला ‘डिश’ म्हटलंय आणि इंग्रजी वाचक लगेच एका माणसाची बशी डोळ्यांपुढे आणतो. सहा किलो तीनशे ग्रॅम तांदळाची चार ताटं, म्हणजे एकेका ताटात दीड किलोहून अधिक कोरडा तांदूळ. पंगतच बसायची.

खडीसाखरेने वेगळा घोटाळा केला. ब्लॉखमानच्या काळचं इंग्रजी ‘शुगर कँडी’ म्हणजे आपली खडीसाखरच, पण भाचीच्या अमेरिकी मैत्रिणीला ते वाचून रंगीत चॉकलेट-गोळ्या आठवल्या. भाषांतरित शब्दही दीडशे वर्षांत शिळा होतो. आम्ही ‘रॉक शुगर’ लिहिलं. बेदाण्याला मात्र मराठीत उलगडायची गरजच पडली नाही, बे-दाना म्हणजे बिनबियांचा. आपण बीवाल्या मनुका आणि बेदाणे वेगळे ओळखतो, फारसीतही मवीज आणि किशमिश असे वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत रेझिन म्हटलं की दोन्ही त्यात आले.

मसाल्यांच्या नावांत तर मराठी माणूस इंग्रजापेक्षा फार सुखी आहे, हे मला या निमित्ताने नीट कळलं. ‘आईन’च्या कृतींमध्ये ब्लॉखमान ‘राउंड पेपर’ लिहितो, गोल मिरी. हे ऐकून भाचीला प्रश्न पडला, मिरी गोलच असते, मग सांगायचं कशाला? कारण फारसीत फिलफिल दोन: एक गोल, एक लांब. गोल ती आपली काळी मिरी, लांब ती पिंपळी. पिंपळी आपल्या घरी सुंठ-पिंपळीच्या काढ्यात उरली आहे, इंग्रजी स्वयंपाकघरातून ती केव्हाच नाहीशी झाली. आणि आजच्या इराणात नुसतं फिलफिल म्हटलं की मिरचीही त्यात आली. सोळाव्या शतकातल्या या कृतींमधल्या फिलफिलला मिरची समजून कोणी तिखट घातलं तर चव तर बदलेलच, पण इतिहासही चुकेल. मिरची पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आली आणि मराठीने तिला मिरीवरूनच नाव दिलं.

जिऱ्याचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. शिराझच्या मुलीने दुसऱ्या एका पदार्थासाठी दुकानातून ‘ब्लॅक क्युमिन’ आणलं आणि पाकिटातून काळे तिकोनी दाणे निघाले. ती म्हणाली, हे नव्हे. तिला हवं होतं जीरे सियाह, काळं जिरं. निघालं सियाहदाना, काळा दाणा. दोन्ही फारसी नावांत ‘काळं’ आहे, इंग्रजीत दोन्हींना तोच शब्द चिकटलाय. मी भाचीला म्हटलं, “दाण्याचा आकार सांग. तिकोनी आणि कोळशासारखे काळे असतील तर कलौंजी. बारीक, वाकडे, तपकिरी, जिऱ्यापेक्षा सडपातळ असतील तर शहाजिरं.” दोन वाक्यांत तंटा मिटला. मराठीत जिरं, शहाजिरं आणि कलौंजी या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि वाण्याच्या दुकानातली पोरंसुद्धा त्यांत गल्लत करत नाहीत. इंग्रजीत लिहिताना आम्ही म्हणून शास्त्रीय नावंच दिली, शहाजिऱ्याला बुनियम पर्सिकम आणि कलौंजीला नायजेला सटायव्हा, आणि शेजारी दाण्याचं वर्णन.

दालचिनी हे नाव फारसी दार-चीनीवरून आलंय, चीनचं लाकूड. बाजारात मिळते ती जाड, कडक, तिखट साल बहुधा कॅशियाची. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत सावलीला लावलेली दालचिनी वेगळी; तिची साल पातळ, एकात एक गुंडाळलेली, वास गोडसर. वाटीभर तांदळाला हिशेबाने तिसरा हिस्सा ग्रॅम दालचिनी येते, म्हणजे नखाएवढा तुकडा. जाड साल असली तर तेवढाही डोकावतो. मी बागेतलीच वापरली.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. या कृतीत स्वयंपाकाचं एकही क्रियापद नाही. भिजवा, शिजवा, परता, काहीही नाही. नुसते जिन्नस आणि वजनं. अकबराच्या आचाऱ्याला कसं करायचं ते कोणी सांगायची गरज नव्हती. पण इंग्रजीत लिहायचं तर हुकूम द्यायला हवा, आणि हुकूम कुठला द्यायचा हे मूळ सांगत नाही.

सांगतं, पण आकड्यांतून सांगतं. मिठाकडे पाहा. दहा शेरांना पाव शेर, म्हणजे वाटीभर तांदळाला पाच ग्रॅम, सपाट चमचाभर. साखरभातात एवढं मीठ? त्याच यादीत ‘खुश्का’ म्हणजे साधा भात आहे, त्याला दहा शेरांना अर्धा शेर मीठ. २०० ग्रॅम तांदळाला दहा ग्रॅम! आटवून शिजवलेल्या भातात एवढं मीठ राहिलं तर तो खारट लागेल. मग मला आजीच्या भाताची आठवण झाली. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याचं आधण, त्यात तांदूळ, आणि शिजत आले की झाकण तिरकं धरून पाणी काढून टाकायचं. याला आमच्याकडे भात वेळणं म्हणतात आणि त्या पाण्याला वेळवणी. मीठ आधणात घातलं तर बरंचसं वेळवणीबरोबर निघून जातं, दाण्यात बेताचं उरतं. इराणात आजही पुलाव असाच करतात. त्यांच्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘पाणी ओढून घेणं’, आबकश. माझं अनुमान असं की बादशाही खुश्काही वेळूनच होत असावा, आणि ते न लिहिलेलं क्रियापद मिठाच्या आकड्यात जपलं गेलंय. अबुल फज्ल स्वतःच म्हणतो की खुश्का निरनिराळ्या रीतींनी करतात, तेव्हा शपथ घेऊन सांगत नाही. पण जर्द बिरिंजाला मी वेळणंच लिहिलं.

इंग्रजीत ‘ड्रेन’ लिहिलं तर चालतं, पण कधी वेळायचं? इराणी पुलावाची इंग्रजी पुस्तकं सांगतात की दाण्यात कणी राहिली असताना पाणी काढा, पुढे दमावर तो शिजेल. साध्या पुलावाला हे बरोबर आहे. गोड भाताला मात्र याने घात होतो. साखर लागली की तांदूळ पुढे मऊ होत नाही, उलट आखडतो. कणी ठेवून पाकात घातलेला भात तासभर दमावर ठेवला तरी दाताखाली कचकच लागतो. साखरभात करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे माहीत आहे. म्हणून भाचीसाठी केलेल्या इंग्रजी पाककृतीच्या कार्डावर आम्ही लिहिलं: दाणा बोटांत चिरडून पाहा, मधे पांढरा ठिपका उरता कामा नये, पण दाणा फुटलेलाही नसावा, मगच वेळा.

पुढचं क्रियापद दम. हा दम म्हणजे श्वास, नाण्याच्या दामाशी त्याचा संबंध नाही. फारसीत चहासुद्धा दम करतात. इंग्रजीत ‘स्टीम’ लिहिलं तर भाची चाळणीखाली उकळतं पाणी ठेवणार, कारण तिथे स्टीम म्हणजे बाहेरची वाफ. दमात वाफ भाताची स्वतःची असते, ती कोंडून ठेवायची असते. इराणी घरांत झाकणाला फडकं गुंडाळतात, म्हणजे झाकणावरचे थेंब भातात परत पडत नाहीत. आमच्याकडे चुलीतले निखारे झाकणावर ठेवायचे, काम तेच. कार्डावर आम्ही ‘दम’ हाच शब्द ठेवला आणि पुढे तीन ओळींत रीत लिहिली: बुडाला तूप, त्यावर भात आणि पाक यांचे थर, वर केशराचं दूध, झाकणाला फडकं, मंद आंच, अर्धा तास. खाली जो खरपूस थर धरतो त्याला इराणी माणूस तहदीग म्हणतो आणि पाहुण्याला मानाने वाढतो. आम्ही खरवड म्हणून पोरांना देतो. साखरेमुळे ती लवकर करपते, आंच खरोखर मंद हवी.

बदली जिन्नस शोधायची वेळ आली ती त्यांच्या पंगतीतल्या दुसऱ्या पदार्थांत. जर्द बिरिंजाला फारसं काही बदलावं लागत नाही. लांब, बारीक दाणा हवा एवढंच. आमचा उकडा तांदूळ यात चालणार नाही, त्याला स्वतःचाच वास असतो. पण शिराझची मुलगी जिरिश्क-पुलाव आणि एक रस्साही करणार होती आणि मला रत्नागिरीत तेच करून पाहायचं होतं. जिरिश्क म्हणजे झुडपाची बारकी, लाल, आंबट सुकी फळं. रश्श्यात घालायचं ते लिमू अमानी, उकळून वाळवलेलं अख्खं लिंबू. दोन्ही आंबट, म्हणून मी आधी दोन्हींच्या जागी आमसूल टाकलं. रस्सा सुरेख झाला. पुलाव फसला: भात जांभळट झाला, आंबटपणा सगळीकडे पसरला आणि आमसुलाच्या मिठाने भाताचंही मीठ बिघडलं.

नंतर लक्षात आलं की आंबट हे नाव सारखं असलं तरी दोघांचं काम वेगळं आहे. लिमू अमानी पाण्यात उतरून रस्सा आंबट करतं, तिथे आमसूल शोभतं. फक्त ते शेवटी घालायचं, फार उकळलं की तुरट होतं. जिरिश्क भातात विरघळत नाही, घासाघासाला मधेच एखादा आंबट ठिपका देतो. त्याच्या जागी मी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली करवंदं बारीक चिरून, तुपात क्षणभर परतून, वरून पेरली. रंग काळपट, पण ठिपका जागच्या जागी. भाचीकडे करवंदं कुठली! तिथे सुकी क्रॅनबेरी मिळते, ती साखरेत मुरवलेली असते, म्हणून लिंबाच्या रसात भिजवून घ्यायला सांगितलं.

दाभोळ इथून फार दूर नाही. बहमनी वजीर महमूद गावान इराणच्या गिलानहून आला तो त्या बंदरात उतरला, आणि रशियन प्रवासी निकितिन परतताना तिथूनच होर्मुझच्या जहाजावर चढला. कुठल्या तरी खलाशाने आमच्या आमसुलांची मूठ कधी इराणी रश्श्यात टाकून पाहिली असेल का, असा विचार पातेलं ढवळताना माझ्या मनात येत राहिला.

रविवारी रात्री भाचीचा फोन आला. भात मोकळा झाला होता, शित न् शित सुटं. शिराझच्या मुलीने खरवड कोणाला हात लावू दिली नव्हती.

“आणि मावशी, वेळवणी टाकली नाही मी. तूप घालून प्यायले. त्यात वेगळं मीठ घालावंच लागलं नाही.”